रिले बंद होताना मरणारा ट्रान्झिस्टर आणि डायोडच्या आकड्याने खाल्लेला आठवडा

पाण्याच्या टाकीचा पंप आपोआप बंद व्हावा म्हणून मी एक छोटा सर्किट बोर्ड बनवला होता. १२ व्होल्टचा रिले आणि तो चालवायला BC547 ट्रान्झिस्टर. जुळणी एका संध्याकाळी झाली, दहा दिवस छान चाललं. मग एकदा टाकी भरली तरी पंप थांबेना. मीटर लावून पाहिलं तर ट्रान्झिस्टरचा कलेक्टर आणि एमिटर आतून जोडले गेले होते, त्यामुळे रिले सुटतच नव्हता. नवा ट्रान्झिस्टर लावला, तोही काही दिवसांत तसाच गेला. तिसराही.

विचारलं की सगळीकडून एकच उत्तर यायचं, "कॉइलवर डायोड टाक." कोणता, किती व्होल्टचा, का, हे कोणी सांगत नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण माझा पुढचा आठवडा त्या न सांगितलेल्या भागातच गेला.

मी आधी गणित मांडलं. कॉइलचा रोध ४०० ओहम, म्हणजे १२ व्होल्टवर करंट ३० मिलिअँपिअर. इंडक्टन्स ०.५ हेन्री धरला. हा माझा अंदाज होता, रिलेनुसार तो बदलतो. ट्रान्झिस्टरने हा करंट १० मायक्रोसेकंदांत तोडला तर:

```
V = L × (di/dt) = 0.5 × 0.03 / 0.00001 = 1500 V
```

कॉइलमधला करंट एका क्षणात थांबू शकत नाही. त्याला वाट मिळाली नाही तर कलेक्टरचा व्होल्टेज वर चढत जातो, आणि BC547 ची मर्यादा आहे ४५ व्होल्ट. १५०० पर्यंत तो खरोखर पोचत नाही, कारण त्याआधीच ट्रान्झिस्टर हार मानून करंटला वाट देतो. दर वेळी थोडा मार खात खात तो शेवटी जातो.

इथवर बरोबर होतं, पण पुढे मी अडकलो. धक्का १५०० व्होल्टचा असेल तर डायोडही तेवढं सोसणारा हवा, अशी माझी समजूत. हाताशी असलेला 1N4007 तर उलट्या दिशेने १००० व्होल्टच सोसतो! म्हणून तो बाजूला ठेवला आणि त्याहून मोठ्या व्होल्टेजचे डायोड शोधत बसलो. तेवढ्यात चौथा ट्रान्झिस्टर गेला.

उलगडा झाला तो मित्राच्या ऑसिलोस्कोपवर. (प्रोब 10X वर ठेवूनच हे मोजा. साध्या मीटरला हा धक्का दिसतच नाही, तो फार लवकर संपतो.) डायोडशिवाय कलेक्टरवर ४५ व्होल्टच्या वर सुळका दिसला. मग मित्राने तोच नाकारलेला 1N4007 कॉइलच्या दोन टोकांवर लावला. सुळका नाहीसा. कलेक्टर जेमतेम १२.७ व्होल्टवर जाऊन खाली आला.

तेव्हा कळलं की डायोडला १५०० व्होल्ट सोसायचेच नसतात. ट्रान्झिस्टर बंद होताच कॉइलची टोकं उलटी होतात आणि डायोड चालू होतो. करंट कॉइल आणि डायोडमध्ये फिरत विरतो, म्हणून तो व्होल्टेज जन्मालाच येत नाही. डायोड उलट्या दिशेने ताण सोसतो तो रिले चालू असताना, आणि तेव्हा समोर असतात फक्त पुरवठ्याचे १२ व्होल्ट. त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमता असली की झालं. करंटचंही तसंच: तोडताना कॉइलमध्ये जेवढा होता त्याहून जास्त कधीच येत नाही, इथे ३० मिलिअँपिअर. छोटा 1N4148 सुद्धा पुरला असता. तुमच्या रिलेसाठी एवढंच करा: पुरवठ्याच्या व्होल्टेजला कॉइलच्या रोधाने भागा आणि त्याहून ऐसपैस डायोड घ्या.

आधीच सांगायला हवं होतं ते आता आठवलं. डायोडवरचा पट्टा पुरवठ्याच्या धन टोकाकडे हवा. उलटा लावला तर ट्रान्झिस्टर चालू होताच पुरवठा थेट डायोडमधून जातो आणि पहिल्याच झटक्यात काहीतरी जळतं. आणि हे सगळं डीसी कॉइलसाठी. एसी कॉइलवर डायोड लावू नका.

डायोडमुळे एक गोष्ट बिघडते: करंट सावकाश विरतो, म्हणून रिले काही मिलिसेकंद उशिरा सुटतो आणि संपर्कबिंदू हळू उघडतात. जड भार तोडताना ठिणगी लांबते. माझ्या पंपासाठी मी डायोडच्या ओळीत, उलट्या दिशेने, २४ व्होल्टचा झेनर घातला. आता कलेक्टर सुमारे ३७ व्होल्टवर थांबतो, ४५ च्या आत, आणि रिले सुटण्याचा 'टक्' आवाज पूर्वीसारखा झटकन येतो.