मुलाखतीला न आलेल्या उमेदवाराला काय लिहिलं

कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत मी ऑफिस सांभाळते. एचआर म्हणजेही मीच. गेल्या मार्चमध्ये आम्हाला अकाउंट्ससाठी माणूस हवा होता. टॅली येणारा आणि खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या GSTR-2B शी, म्हणजे पुरवठादारांनी रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवून बघणारा. मंगळवारी 11 वाजता एकाला बोलावलं होतं. सोमवारी त्याचा "नक्की येतो मॅडम" असा मेसेजही आला होता. साडेअकरा झाले, बारा झाले, साहेब दोनदा केबिनमधून डोकावून गेले. माणूस नाही.

सव्वाअकराला मी एक फोन केला होता. रिंग पूर्ण वाजली. परत केला नाही. सलग चार-पाच मिस्ड कॉल दिसले की समोरचा घाबरतो आणि मग मेसेजलाही उत्तर देत नाही, हे मी आधी पाहिलंय.

दुपारी रागाच्या भरात लिहिलं, "तुम्ही न कळवता गैरहजर राहिलात. आमचा वेळ वाया गेला. कारण कळवा." पाठवण्याआधी सवयीने त्याचा बायोडाटा उघडला. सध्याची नोकरी मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर. आणि महिना मार्च! हळदीची आवक जोरात, सकाळी सौदे, त्यानंतर वजनं आणि शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या. त्या वेळी दिवाणजीला दुकानातून कोण सोडणार? मीच 11 ची वेळ दिली होती. शेठ समोर बसलेले असताना "मुलाखतीला येता येत नाही" असा फोन तो तरी कसा करणार?

हा अर्थात अंदाजच. पण त्या अंदाजाने मेसेज पार बदलला. साहेब म्हणत होते, "यार्डात आपल्या ओळखीचे आहेत, विचारू का?" मी हात जोडले. दुसरीकडे नोकरी बघतोय हे पेढीवर कळलं तर आहे तीही जायची. त्याच कारणाने मेसेजची पहिली ओळ साधी ठेवली, कारण मोबाईल टेबलावर पडलेला असतो आणि स्क्रीनवर तेवढीच ओळ चमकते. 'मुलाखत', 'नोकरी', कंपनीचं नाव यातलं काहीच घातलं नाही. आधीचं बोलणं त्याच चॅटमध्ये होतं, त्याला कळणारच होतं.

चार वाजता हे पाठवलं:

"नमस्कार. आज 11 वाजता आपली भेट होऊ शकली नाही. काही अडचण आली असेल तर समजू शकते. अजून इच्छा असेल तर शनिवारी संध्याकाळी 6.30 वाजता त्याच पत्त्यावर या. येणार की नाही, ते गुरुवारी रात्री 8 पर्यंत एका ओळीत कळवा. उत्तर आलं नाही तर आम्ही ती वेळ दुसऱ्यांना देऊ."

कारण मुद्दाम विचारलं नाही. विचारलं की लोक आजी आजारी पाडतात आणि मग ते खोटं मुलाखतीभर मध्ये बसतं. वेळही एकच दिली. "तुम्हाला कधी जमेल?" विचारलं असतं तर आठवडा नुसत्या मेसेजमध्ये गेला असता.

रात्री साडेनऊला उत्तर आलं, "येतो. माफ करा."

त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाचंही असंच झालं. नुकताच बी.कॉम. झालेला, नोकरी नसलेला. त्यालाही एक संधी दिली. "ओके" म्हणाला आणि दुसऱ्यांदाही आला नाही. मेसेजवर निळ्या टिका, बाकी शांतता. साहेबांना त्याच्या शेवटच्या मेसेजमध्ये "वेळेची किंमत ओळखायला शिका" अशी ओळ हवी होती. मी काढली. शिकवायचं असतं तर क्लास काढला असता. त्याला एवढंच गेलं:

"नमस्कार. ठरलेल्या दोन्ही वेळी आपली भेट झाली नाही, म्हणून या जागेसाठीचा तुमचा अर्ज आज बंद करत आहोत. तुमची कागदपत्रं आम्ही ठेवून घेतलेली नाहीत. पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा."

यात प्रश्न नाही, कारण प्रश्न टाकला की बंद केलेलं दार पुन्हा किलकिलं होतं. "दुसरा अधिक योग्य उमेदवार मिळाला" असंही लिहिलं नाही. तोवर कोणी मिळालाच नव्हता. "पुढे जागा निघाली तर जरूर कळवू" हेही नाही, कारण मी कळवणार नव्हते.

शनिवारी पेढीवरचा मुलगा सहा वीसलाच गेटवर हजर. पँटच्या मोहरीला हळद लागलेली. मंगळवारचं मी काढलं नाही. साहेबांनी काढलंच. तो म्हणाला, "शेठ समोर होते साहेब. फोन वाजला तेव्हा पट्टी लिहीत होतो." मग मी त्याच्यापुढे फेब्रुवारीची खरेदीची बिलं आणि 2B चा प्रिंट ठेवला. अर्ध्या तासात त्याने दोन बिलं बाजूला काढली, पुरवठादाराने रिटर्नमध्ये दाखवलीच नव्हती ती.

पगारावर अजून घासाघीस चालू होती तेव्हा त्याने एकच अट घातली. गुढीपाडवा होईपर्यंत पेढी सोडता येणार नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडर उलटलं.