आमची वाटचाल: छोट्या कडक भाकरीचं बारसं

सोलापुरात कडक भाकरी विकायला नाव लागत नाही. ज्वारीची पातळ, वाळवलेली भाकरी, सोबत शेंगाची चटणी, आणि कुठल्या गल्लीतली ती एवढंच गिऱ्हाइकाला पुरतं. आमचा धंदा आईने घरातल्या दोन चुलींवर सुरू केला आणि बरीच वर्षं तो असाच बिननावाचा वाढला. पारदर्शक पिशवी, आत दहा भाकऱ्या, वर घराण्याच्या आडनावाचा शिक्का. आजही त्या भाकरीवर तोच शिक्का आहे आणि तो बदलायचा आमचा विचार नाही.

प्रश्न आला तो छोट्या भाकरीचा. तळहाताएवढ्या, जिरं-तीळ घातलेल्या कडक चकत्या आम्ही करायला लागलो. मुलांच्या डब्यात जातील, प्रवासात तुटणार नाहीत अशा. पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना माल आवडला, पण प्रत्येकाने तेच विचारलं, 'याला म्हणायचं काय?' फळीवर शंभर पाकिटं असतात आणि तिथे गल्ली सांगून चालत नाही.

नाव मी आणि बायकोने घरी बसून ठरवता आलं असतं. पण लहान धंद्यात मालकाने एकदा नाव उच्चारलं की बाकीचे 'छान आहे' म्हणतात आणि विषय संपतो. भाकरी थापणाऱ्या मावशींना, ऑर्डरी घेणाऱ्या पोरांना, गाडी घेऊन दुकानोदुकानी फिरणाऱ्या भाच्याला हे नाव रोज तोंडात घ्यावं लागणार होतं. म्हणून आम्ही दहा जण एका दुपारी पॅकिंगच्या खोलीत बसलो. त्या दुपारची रीत इथे सविस्तर लिहितोय, कारण आमच्यासारखे बरेच जण याच टप्प्यावर आहेत.

आधी फळ्यावर चार अटी लिहिल्या. नाव दोन-तीन अक्षरांत बसावं, फोनवर एकदा सांगून कळावं, मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या तिघांच्याही जिभेवर बसावं, आणि कायद्याने नोंदवता यावं. तिसरी अट सोलापुरात टाळताच येत नाही. आमच्या दहा जणांतच तिन्ही भाषा होत्या. चौथ्या अटीमुळे 'ज्वारी', 'कडक', 'सोलापुरी' असे शब्द एकटे चालणार नव्हते. मालाचं वर्णन करणारा किंवा तो कुठला आहे हे सांगणारा नुसता शब्द ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली अडकतो, कारण तो सगळ्यांच्या वापराचा शब्द आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून ते गावाचं नावही आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवलं.

मग प्रत्येकाच्या हातात दोन चकत्या आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला. पहिली फेरी सात मिनिटांची, तीही पूर्ण शांततेत. खायचं आणि सुचेल ते लिहायचं, एका चिठ्ठीवर एक नाव, कुठल्याही लिपीत. बोलायला बंदी एवढ्यासाठी की एकाने तोंडाने सांगितलं की बाकीच्यांची डोकी त्याच्यामागे जातात, आणि एक बोलत असताना इतरांच्या मनातलं विसरूनही जातं. आमच्यातल्या दोघी मावशींना लिहायची सवय नाही. त्यांच्याजवळ माझी कॉलेजात जाणारी पुतणी बसली. त्या कानात सांगायच्या आणि ती जसंच्या तसं लिहायची, स्वतःचं काही न घालता. हे केलं नसतं तर पुढचं मतदान लिहिता येणाऱ्यांचंच झालं असतं.

पहिल्या दोन मिनिटांत जवळजवळ सगळ्यांनी तेच लिहिलं: कुरकुरीत काहीतरी, ज्वारीचं काहीतरी, आजीचं काहीतरी. मग पेनं थांबली. ही वेळ फार मोलाची असते. लोक इकडेतिकडे बघायला लागतात आणि चालवणाऱ्याला वाटतं की झालं, आता थांबवू. थांबवायचं नाही. वरवरचं लिहून झाल्यावर माणूस आठवणीत शिरतो, आणि आमच्याकडे 'गाठोडं', 'न्यारी', 'भाकरतुकडा' ही नावं शेवटच्या तीन मिनिटांतच आली.

दुसऱ्या फेरीत दोन टेबलांवर पाच-पाच जण बसवले. प्रत्येकाने आपली आवडती तीन नावं एका कागदावर उतरवून कागद डावीकडे द्यायचा. शेजाऱ्याने ती वाचून खाली आणखी तीन लिहायची, उलटी, जोडून, मोडून, कशीही. चार मिनिटं झाली की मोबाइलचा गजर आणि कागद पुढे. असे तीन वेळा कागद फिरले. इथे पहिल्या फेरीतली बुजरी माणसं मोकळी होतात, कारण कोऱ्या कागदापेक्षा दुसऱ्याच्या नावाला शेपूट लावणं सोपं असतं. शेवटची पाच मिनिटं फक्त दोन किंवा तीन अक्षरी नावांसाठी ठेवली. सगळं मिळून दीडशेच्या वर चिठ्ठ्या जमल्या. दुबार काढल्यावर नव्वदेक उरल्या.

आता गट पाडायचे. जपानचे मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी अशा सुट्या चिठ्ठ्या जुळवायची पद्धत बसवली आणि तिचं सार आमच्या फार उपयोगी पडलं: आधी खण ठरवून त्यांत चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत, चिठ्ठ्या एकमेकींजवळ सरकवत राहायच्या आणि ढीग दिसायला लागले की मग त्यांना नाव द्यायचं. सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या सतरंजीवर पसरल्या. हे कामही न बोलता. एखादी चिठ्ठी दोन जण दोनदा इकडून तिकडे नेत असतील तर तिची नक्कल करून दोन्हीकडे ठेवायची. कुठेच न बसणारी चिठ्ठी ओढूनताणून बसवायची नाही, तिला एकटी राहू द्यायची.

सहा ढीग झाले: खाण्याचा आवाज, शेत आणि खळं, आजी-आई, सोलापूर, प्रवास, आणि खाण्याची वेळ. बैठकीआधी मला वाटत होतं की आपला माल आवाजावर विकला जाईल. ढीग बघितल्यावर चित्र वेगळं निघालं. आवाजाच्या ढिगात चिठ्ठ्या पुष्कळ, पण सगळ्या एकमेकींसारख्या. प्रवास आणि वेळेच्या ढिगात चिठ्ठ्या कमी, पण प्रत्येक वेगळी. बांधून न्यायची आणि भूक लागेल तेव्हा काढायची, असंच या चकतीकडे आमची माणसं बघत होती.

मतदानाला आम्ही टिकल्यांचं पाकीट आणलं. नव्वद नावांवर थेट मतं घेतली तर एक गडबड होते. सारख्या दिसणाऱ्या नावांत मतं फुटतात आणि मूळ कल्पना आवडूनही तिच्यातलं एकही नाव वर येत नाही. म्हणून आधी प्रत्येक ढिगात प्रत्येकाची एकच टिकली, आणि त्या ढिगातली पहिली दोन नावं पुढे. अशी बारा झाली. टिकली लावायच्या आधी प्रत्येकाने आपली निवड हातातल्या कागदावर लिहून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याच्या टिकल्या बघून हात हलत नाही. मालक म्हणून माझी टिकली सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या मतदानाआधी हरकतींची फेरी ठेवली. फक्त इथेच बोलायचं, आणि हरकतीला कारण हवंच. 'नाही आवडलं' हे कारण धरायचं नाही. माझ्या मनात 'भाकरतुकडा' होतं आणि ते बारात आलंही होतं. सगळ्यात जुन्या मावशी म्हणाल्या, 'दादा, भाकरतुकडा आपण ओवाळून टाकतो. लेकराच्या डब्यात कोण देईल?' खोलीतल्या प्रत्येक बाईने मान हलवली. सिद्धेश्वराच्या यात्रेवरून सुचलेल्या नावालाही त्यांचीच हरकत होती: पाकीट फाडून रस्त्यावर टाकतात, देवाशी जोडलेलं नाव पायदळी येईल. धार्मिक भावना दुखावेल असं चिन्ह नोंदवायला कायद्यातही मनाई आहे, पण मावशींचं कारण मला जास्त पटलं.

उरलेल्या दहांवर प्रत्येकी तीन टिकल्या, एका नावावर एकच. त्यातून चार नावं वर आली: गाठोडं, गट्टी, न्यारी आणि कुर्रम. आम्ही तिथेच थांबलो. दमलेल्या दहा माणसांनी संध्याकाळी ठरवलेलं नाव दुसऱ्या दिवशी तपासायलाच हवं, म्हणून बैठकीचं काम चार नावं देण्यापुरतंच ठेवलं होतं.

तपासणी दोन प्रकारची झाली. पहिली फोनवरची. भाच्याने ओळखीच्या दुकानदारांना फोन करून नाव एकदाच सांगितलं आणि 'बिलावर लिहून फोटो पाठवा' म्हणाला. मुंबईच्या एका गुजराती दुकानदाराने 'गाठोडं'चं 'गंठोडा' लिहिलं. गंठोडा म्हणजे त्यांच्याकडे पिंपळमूळ, आणि ते त्यांच्याच दुकानात बरणीत असतं. ते नाव तिथेच संपलं. 'न्यारी' सगळ्यांनी एकसारखं लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीतही.

दुसरी तपासणी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावरची. धान्याचे पदार्थ वर्ग ३० मध्ये येतात. तिथे नुसतं तंतोतंत नाव शोधून भागत नाही, उच्चाराने मिळतंजुळतं शोधण्याचा वेगळा पर्याय आहे आणि खरी अडचण तिथेच दिसते. एजंटने 'कुर्रम' काढायला लावलं, कारण खाऊच्या बाजारात या आवाजाच्या नावांची दाटी आहे. 'गट्टी' पोरांना फार आवडलं होतं, दोस्तीचा शब्द म्हणून. पण कन्नड आणि तेलुगूत गट्टी म्हणजे कडक, टणक. मालाचं थेट वर्णन झालं, आणि दुसऱ्या भारतीय भाषेतला अर्थही हरकतीला पुरतो.

राहिली 'न्यारी'. आमच्याकडे शेतावर न्याहारीला न्यारीच म्हणतात. खाण्याच्या वेळेचा शब्द खाण्याच्या पदार्थाला, म्हणून इथेही थोडी जोखीम आहे असं एजंटचं मत पडलं. त्यांच्या सल्ल्याने नुसता शब्द न देता अक्षररचना आणि गाठ मारलेल्या फडक्याचं चित्र मिळून अर्ज केला. लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४५०० रुपये आहे. नोंदणी झाली की दहा वर्षं, मग नूतनीकरण.

ट्रेडमार्क कार्यालयाचा तपासणी अहवाल यायचा आहे. तोवर पाकिटावर 'टीएम' लिहितो. वर्तुळातला 'आर' नोंदणीआधी छापायला कायद्याने मनाई आहे. छापील पाऊचसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करून घ्यावा लागतो आणि मालही मोठ्या संख्येने उचलावा लागतो, म्हणून सध्या साध्या पाऊचवर स्टिकर लावून माल चाललाय. स्टिकर लावायचं काम मावशींकडे आहे. परवा त्यांनीच सुचवलं की कन्नडमध्येही नाव टाका, विजापूरकडची गिऱ्हाइकं वाढलीत. पुढच्या छपाईत ते येईल.