आमची वाटचाल : पत्राआधीच्या पाच ओळी

लग्न होऊन 2009 साली मी सोलापुरात आले, तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आठ लूम होते आणि माल सगळा एकाच व्यापाऱ्याकडे जायचा. सूत तो द्यायचा, टॉवेल आम्ही विणायचो, मजुरी डझनावर मिळायची. आपला टॉवेल पुढे कोणाच्या बाथरूममध्ये टांगला जातो, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे त्या व्यापाऱ्याने मजुरी थकवली. मग मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठरवलं की सूत आपलं घ्यायचं आणि माल थेट हॉटेलांना द्यायचा. विणकाम त्यांनी आणि ह्यांनी सांभाळलं, गिऱ्हाईक शोधायचं काम माझ्याकडे आलं.

मी पहिलं पत्र लिहिलं ते जवळपास दोनशे हॉटेलांना एकच. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आम्ही शुद्ध सुती माल विणतो, सर्व साईज उपलब्ध, रेट माफक. वाचायला छान वाटायचं. उत्तरं आली चार, त्यातली दोन फक्त रेट विचारून गप्प झाली. आज ते पत्र काढून वाचलं की दिसतं, त्यातलं प्रत्येक वाक्य आमच्याबद्दल आहे. ज्याला लिहिलं त्याच्याबद्दल एक शब्द नाही.

मग मी उलट टोकाला गेले. समोरच्याबद्दल काहीतरी लिहायचंच, म्हणून जे हाती लागेल ते घालू लागले. सातारा जिल्ह्यातल्या एका हॉटेलला ‘नव्या शाखेबद्दल अभिनंदन’ असं लिहिलं. बातमी खरी होती, पण ती त्याच नावाच्या दुसऱ्याच हॉटेलची होती. मालकांनी फोन करून शांतपणे सांगितलं, ‘ताई, आमची एकच जागा आहे, आणि शाखा काढणारे आमचे कोणी नव्हेत.’ त्यानंतर टॉवेलचं बोलायला जागाच उरली नाही. आता मी जीएसटीच्या पोर्टलवर व्यवसायाचं कायदेशीर नाव आणि पत्ता आधी जुळवून बघते. पाटीवरचं नाव दोघांचं एक असू शकतं, नोंदणी वेगळीच असते.

या ठेचेनंतर मी एक वही केली. पत्र लिहायच्या आधी त्या हॉटेलबद्दल पाच गोष्टी वहीत उतरल्या पाहिजेत, आणि प्रत्येकीपुढे दोन रकाने: कुठून कळलं, कधीचं आहे. हे दोन रकाने भरता येत नसतील तर ती माहिती नाही, आपला अंदाज आहे, आणि अंदाजाला पत्रात जागा नाही. पाचच का, असं मला आमच्या शेजारच्या कारखानदारांनी विचारलं होतं. पाचाच्या पुढे जे सापडतं त्याने पत्र बदलत नाही, एवढंच माझं निरीक्षण आहे. कोणतीही माहिती लिहिताना मी स्वतःला विचारते: ही गोष्ट उलट असती, तर मी पत्रात वेगळं काही लिहिलं असतं का? हॉटेल 1998 साली सुरू झालं की 2004 साली, याने टॉवेल बदलत नाही. मालकांची मुलगी कुठे शिकते हे त्यांच्या फोटोंवरून कळतं, पण त्याने टॉवेल तर बदलत नाहीच, वर अनोळखी माणसाने आपल्या घरात डोकावल्यासारखं वाटतं. असं काही मी वहीतसुद्धा उतरवत नाही.

महाबळेश्वरच्या एका हॉटेलचं पान इथे उलगडून सांगते, कारण या पानाने माझा स्वतःचाच बेत मोडला. फोटोत हॉटेल दिमाखदार दिसत होतं. मी मनात धरून बसले होते की यांना आमचा सगळ्यात जाड, 550 जीएसएमचा टॉवेल दाखवायचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 30 बाय 60 इंचाचा टॉवेल 550 जीएसएमचा असेल तर साधारण 640 ग्रॅम भरतो, 400 जीएसएमचा असेल तर 465 च्या आसपास. जाड टॉवेलचे लूप लांब आणि दाट, म्हणून तो हाताला मऊ लागतो, पाणीही जास्त धरतो.

पहिली ओळ: खोल्या किती. एका प्रवासी साईटवर 45 होत्या, हॉटेलच्या स्वतःच्या साईटवर 38. मी रिसेप्शनला फोन करून विचारलं, 38 च होत्या. खोलीमागे दोन आंघोळीचे टॉवेल, म्हणजे 76. हॉटेलवाले साधारण तीन संच धरतात, एक खोलीत, एक धुण्यात, एक कपाटात. झाले 228, म्हणजे बरोबर 19 डझन. एवढ्यावरून कळलं की हे गिऱ्हाईक आमच्या लूमवर एका खेपेत निघेल एवढं आहे, आणि पत्रात ‘शेकडो डझन तयार’ असलं काही लिहायची गरज नाही.

दुसरी ओळ त्याच फोनवर मिळाली. मी एवढंच विचारलं, ‘टॉवेलचं सॅम्पल कोण बघतं?’ मालक पुण्याला असतात, सॅम्पल हाउसकीपिंगच्या बाई पाहतात, बिल अकाउंटंट काढतात. म्हणजे पत्र त्या बाईंच्या नावे जायला हवं होतं, आणि त्यात रेटच्या आधी धुण्याचं बोलायला हवं होतं. नावाचं स्पेलिंगही मी तेव्हाच विचारून घेतलं.

तिसरी, धुलाई कुठे होते. लाँड्रीसाठी मदतनीस हवा अशी त्यांचीच जाहिरात दोन महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे धुणं घरचंच, बाहेर ठेक्यावर नाही.

चौथी, सध्याचा टॉवेल कसा आहे. हॉटेलच्या साईटवरचे फोटो यासाठी निरुपयोगी. ते एकदा काढतात आणि वर्षानुवर्षं ठेवतात. मी पाहुण्यांनी काढलेले फोटो बघते, तारखेसकट. गेल्या तीन महिन्यांतल्या फोटोंत पांढरा टॉवेल, एका कडेला रुंद बॉर्डर. आणि पाहुण्यांच्या अभिप्रायांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा: टॉवेल दमट होता, कुबट वास येत होता. हे लिहिणारे तिघंही जुलै-ऑगस्टमध्ये राहून गेलेले. मार्च-एप्रिलच्या पाहुण्यांची एकही तक्रार नाही.

इथे माझा 550 चा बेत कोसळला. महाबळेश्वरात पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवेत इतका ओलावा असतो की कापड दोरीवर वाळतच नाही. तिथे टॉवेलमागे पावणेदोनशे ग्रॅम जास्तीचं सूत दिलं असतं, तर मी त्या बाईंची अडचण वाढवली असती. त्यांना हवा होता पातळ पण दाट विणीचा, लवकर वाळणारा माल.

पाचवी ओळ, खरेदी कधी करतात. रिसेप्शनवरचे दादा म्हणाले की मे महिन्याची गर्दी ओसरली की मॅडम माल मोजतात. मी मेच्या शेवटच्या आठवड्यात पत्र धाडलं.

आता यातलं पत्रात काय लिहायचं, हा सगळ्यात अवघड भाग. कुबट वासाच्या तक्रारी मला ठाऊक होत्या. आधी एकदा पंढरपूरच्या वाटेवरच्या एका लॉजला मी सरळ लिहिलं होतं की ‘आपल्या पाहुण्यांच्या टॉवेलबद्दल तक्रारी वाचल्या’. माहिती सोळा आणे खरी होती, तारखेसकट. पण ती वाचणारा माणूस तेच टॉवेल धुणारा होता. त्याला वाटलं मी त्याच्या मालकाकडे चुगली करतेय. तेव्हापासून वहीत तिसरा रकाना आला: ‘लिहायचं’ किंवा ‘मनात ठेवायचं’. तक्रार मनात ठेवायची, तिने फक्त सॅम्पल निवडायचं. पत्रात लिहायचं ते जे त्या बाई स्वतः चारचौघांत बोलतील.

आणि जे कळलं नाही, ते विचारायचं. त्यांच्याकडे वाळवायचं मशिन आहे की दोरीवर वाळवतात, हे मला कुठेच सापडलं नव्हतं. पत्र असं गेलं:

‘नमस्कार मॅडम. आम्ही सोलापूरला टॉवेल विणतो. आपल्या 38 खोल्यांचं धुणं हॉटेलमध्येच होतं असं कळलं, आणि सॅम्पल आपण पाहता असं रिसेप्शनवरून समजलं, म्हणून आपल्याला लिहिते आहे. पावसाळ्यात महाबळेश्वरात कापड वाळवणं किती जिकिरीचं असतं हे आपण जाणताच. त्यासाठी 30 बाय 60 चा पांढरा टॉवेल 400 आणि 450 जीएसएममध्ये आहे. एक विचारायचं होतं: आपण मशिनवर वाळवता की दोरीवर? त्यावरून कोणता पाठवायचा ते ठरवते. सॅम्पल प्रत्येकी दोन पाठवीन, आपल्या पद्धतीने दहा वेळा धुऊन मगच सांगा.’

सहाव्या दिवशी उत्तर आलं. मशिन आहे, पण एकच, आणि पावसात वीज गेली की दोरीच. दोन्ही पाठवा. मी खात्रीने सांगितलं असतं की त्या 400 च घेणार. त्यांनी 450 चा घेतला. दहा धुण्यांनंतर 400 चा मांडणीवर घडी घालून ठेवला की पोचट दिसतो, पाहुण्याला स्वस्तातला वाटतो, असं त्या म्हणाल्या. हे माझ्या पाच ओळींत कुठेच नव्हतं आणि बाहेरून कळण्यासारखंही नव्हतं. दोन्ही सॅम्पल पाठवली होती म्हणून निभावलं. ऑर्डर 20 डझनांची झाली.

एका पानाला मला पाऊण तास लागतो, म्हणून हे प्रत्येकासाठी मी करत नाही. चार-पाच डझनांच्या गिऱ्हाइकाला साधा रेटचा कागद जातो, आणि त्यात मी त्यांना ओळखत असल्याचा आव आणत नाही. आठवड्याला सहा पानं होतात. बत्तीस लूमच्या आमच्या शेडला तेवढी पुरतात.

महाबळेश्वरचं पान अजून वहीत आहे. या मेमध्ये दुसऱ्या ऑर्डरसाठी लिहायच्या आधी मी रिसेप्शनला पुन्हा फोन केला. हाउसकीपिंगच्या त्या बाई जानेवारीत सोडून गेल्या, आता त्या जागी दुसरे आलेत. दुसऱ्या ओळीवर मी काट मारली, शेजारी तारीख घातली आणि नव्या माणसाचं नाव नीट विचारून घेतलं. धुणं अजून घरीच होतं का, तेही विचारलं. ते आता वाईला पाठवतात.