आमची वाटचाल: केबलपासून सीरियल सर्व्हरपर्यंत

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचा धंदा सुरू झाला तो केबल बनवण्यापासून. जुन्या सीएनसी मशीनमध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम टाकायला आरएस-232 केबल लागते. शेडमध्ये जाऊन अंतर मोजायचं आणि कनेक्टर सोल्डर करून द्यायचे, हे आमचं काम. पण या केबलची भरवशाची मर्यादा 15 मीटरच्या आसपास. त्यापुढे अक्षरं बिघडतात. मशीन आणि कॉम्प्युटर यांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर कंट्रोलरचा पोर्टच जळतो, आणि जुन्या कंट्रोलरचं कार्ड मिळवणं आज सोपं नाही.

म्हणून आम्ही सीरियल सर्व्हरकडे वळलो. ही छोटी पेटी मशीनच्या पॅनलजवळ बसते. एका बाजूने दोन-तीन मीटरची सीरियल केबल, दुसऱ्या बाजूने साधी नेटवर्क केबल. कॉम्प्युटरला तिथे जणू स्वतःचाच सीरियल पोर्ट `COM5` दिसतो. इथरनेट पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असल्याने अर्थिंगच्या फरकाचा त्रासही टळतो.

पेटी बसवणं सोपं आहे. आमची खरी ओळख मात्र झाली ती एका डाय-शॉपमधल्या कामामुळे. त्यांच्या जुन्या व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या सीएनसी मिलिंग मशीनवर, फॅनुक 0-एम कंट्रोलर. मोल्डचे प्रोग्रॅम मेमरीत मावत नाहीत, म्हणून मशीन कापत असताना ते ओळ-ओळ पाठवावे लागतात. पेटी आधीच कोणीतरी बसवून गेलं होतं. छोटे प्रोग्रॅम व्यवस्थित जायचे, मोठे मात्र मध्येच थांबायचे आणि स्क्रीनवर अलार्म `087` यायचा.

फॅनुकचे लागोपाठचे तीन अलार्म या कामात फार उपयोगी पडतात. `085` आला तर बॉड रेट, पॅरिटी किंवा बिटांची सेटिंग जुळत नाही. `086` आला तर समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नल मिळत नाही. त्यासाठी 25 पिनांच्या कनेक्टरमध्ये 6, 8 आणि 20 एकमेकांना जोडल्या आहेत का, ते आधी बघायचं. आणि `087` म्हणजे कंट्रोलरने "थांब" म्हटलं, तरी अक्षरं येतच राहिली. या "थांब" नंतर तो फार तर 10 अक्षरं सांभाळून घेतो.

तिथे वेग होता 4800. एका अक्षराला 7 डेटा बिट, पॅरिटी, 2 स्टॉप बिट आणि स्टार्ट बिट धरून 11 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे 436 अक्षरं. मशीन लांब, संथ कट घेत असलं की कंट्रोलरचा बफर भरतो आणि तो `XOFF`, म्हणजे "थांब" सांगणारं अक्षर, पाठवतो. त्या पेटीत `Flow control` ची सेटिंग `None` होती, त्यामुळे पेटी हे अक्षर साधा डेटा समजून नेटवर्कवरून कॉम्प्युटरकडे पाठवून द्यायची. कॉम्प्युटर थांबायचा, पण पेटीच्या बफरमध्ये जे आधीच साठलेलं असायचं ते मशीनकडे वाहतच राहायचं. तिथे 2 केबी जरी पडून असले, तरी साडेचार सेकंदांहून जास्त वेळ अक्षरं येत राहणार. छोट्या प्रोग्रॅममध्ये बफर भरायची वेळच येत नाही, म्हणून ते सुरळीत जायचे.

थांबण्याचा निर्णय पेटीनेच घ्यायला हवा, कॉम्प्युटरने नव्हे. आम्ही पेटीच्या सेटिंग पेजवर `XON/XOFF` लावलं. अलार्म कमी झाला, तरी अधूनमधून यायचाच. कारण आणखी एक पायरी खाली होतं. सीरियल चिपची पाठवायची रांग 16 अक्षरांची असते, आणि रांगेत गेलेलं अक्षर मागे घेता येत नाही. कंट्रोलर सांभाळतो 10, रांगेत 16. ही रांग, म्हणजे `FIFO`, बंद केल्यावर रात्रभराचा मोल्ड अखंड कापला गेला.

आता प्रत्येक ठिकाणी आम्ही याच क्रमाने जातो. लिनक्सवर `ser2net` हे सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर `XON/XOFF` ची सेटिंग अशी दिसते:

```
connection: &vmc1
  accepter: tcp,4001
  connector: serialdev,/dev/ttyS0,4800e72,local,xonxoff
  options:
    kickolduser: true
```

शेवटची ओळ आम्ही आग्रहाने ठेवतो. कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर पेटीला जुनं कनेक्शन चालूच आहे असं वाटतं आणि नवीन माणसाला पोर्ट "बिझी" मिळतो. या ओळीमुळे जुनं कनेक्शन आपोआप सुटतं.

दोन गोष्टींना आम्ही ग्राहकाला स्पष्ट नकार देतो. एक, चालू कटिंगचा प्रोग्रॅम वायफायवरून पाठवणं. सिग्नल क्षणभर गेला तरी टूल कामावरच थांबतं आणि मोल्डवर त्याचा व्रण उमटतो. दुसरी, घरून मशीन बघता यावं म्हणून हा पोर्ट राउटरवरून इंटरनेटला उघडणं. या साध्या टीसीपी पोर्टला पासवर्ड नसतो. जो जोडला जाईल, त्याची अक्षरं थेट कंट्रोलरपर्यंत जातात. घरून बघायचंच असेल तर आम्ही व्हीपीएन लावून देतो.