माझा अनुभव : ‘दिने’ने माझे नऊ दिवस खाल्ले

चार पानांचं काम होतं आणि ती फाइल तीन वेळा परत आली. माँट्रियलमधल्या एका आजारी आजोबांना सांभाळायला इंग्रजी बोलणारी बाई येणार होती. त्यांच्या मुलीने फ्रेंचमध्ये लिहून ठेवलेल्या सूचना मला इंग्रजीत करायच्या होत्या. अर्ध्या दिवसात सगळं उरकलं. अडलं ते ‘दिने’ या एका शब्दावर.

एक गोळी ‘दिने’बरोबर द्यायची होती. मी ‘लंच’ लिहिलं. एजन्सीच्या तपासनीसबाईंनी ते खोडून ‘डिनर’ केलं आणि वर शेरा मारला, ‘प्राथमिक चूक’. माझं डोकंच फिरलं. पॅरिसच्या फ्रेंचमध्ये त्यांचं बरोबर आहे: दुपारी ‘देजने’, रात्री ‘दिने’. पण माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सकाळचं ते ‘देजने’, दुपारचं ‘दिने’ आणि रात्रीचं ‘सूपे’. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्येही असंच. गंमत म्हणजे ही जुनीच पद्धत आहे; जेवणाच्या वेळा पुढे सरकल्या त्या पॅरिसकडे, आणि नावंही सोबत सरकली.

हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘आमच्या शब्दसूचीत डिनर आहे.’ ती सूची फ्रान्समधल्या ग्राहकांसाठी केलेली!

मग मी वाद सोडला आणि मूळ पानंच पुन्हा वाचली. दुसरी गोळी ‘सूपे’ला होती. तपासनीसबाईंचं मानलं तर दोन्ही गोळ्या रात्रीच पडत होत्या. तिसऱ्या पानावर तर स्पष्टच होतं: व्यायाम करून घेणारा माणूस दीड वाजता येतो, ‘दिने’ आटोपल्यावर. या दोन ओळी वेगळ्या काढून पाठवल्या, तेव्हा कुठे ‘ठीक’ एवढंच आलं. औषधाचा मामला म्हणून मुलीकडूनही विचारून घेतलं. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण मला बरोबर ठरायची घाई झाली होती.

शेवटी मी ‘लंच’ही ठेवलं नाही, ‘मिडडे मील’ केलं. पलीकडच्या बाईच्या मनात कुठलं जेवण येईल याची शंकाच नको.

हो, एक राहिलंच. त्याच पानांत मळमळ झाली तर पलंगाशी ‘शोदिएर’ ठेवा असं होतं. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ बॉयलर, क्वेबेकमध्ये बादली. ती मात्र बाईंनी मुकाट्याने पास केली.

क्वेबेकच्या सरकारी भाषा कार्यालयाचा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, असं काही अडलं की आधी तिथे बघा. पण पत्ता माँट्रियलचा आहे म्हणून लगेच ‘दुपार’ लिहू नका. फ्रान्समधून तिथे जाऊन राहिलेला माणूस ‘दिने’ रात्रीच जेवत असतो. पानात ‘सूपे’ कुठे दिसतंय का, ते शोधा.