बुडवलं नाही, म्हणून पत नाही

गेल्या रविवारी बेळगावहून भाच्याचा फोन आला. उद्यमबागेत नोकरी लागली, पगार 22,000. "मामा, बँकेतले क्रेडिट कार्ड घे म्हणताहेत. घेऊ काय वो? बाबा तर नकोच म्हणतात."

भावजींचं मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे उधारी म्हणजे किराणा दुकानाची वही, तीही पगार झाला की मिटवायची. मीही पाच वर्षं डेबिट कार्डावरच काढली. त्याचं बक्षीस इथे अमेरिकेत, कोलंबसला मिळालं. भाड्याचं घर बघायला गेलो, पगाराचं पत्र हातात, तरी ऑफिसातली पोरगी हसत म्हणाली, तुमची क्रेडिट हिस्टरीच नाही, एका महिन्याचं डिपॉझिट जास्त भरा. कुणाचा रुपया बुडवला नाही, हाच माझा गुन्हा! अजून आठवलं की डोकं फिरतं. (भारतातली नोंद इथे सहसा चालत नाहीच, पण हे भाच्याला सांगितलं नाही.)

डेबिट कार्डाने आपलेच पैसे जातात. कर्ज नाही, मग फेड कुठली? कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलकडे लिहायलाच काही नसतं. म्हणून भाच्याला म्हटलं, आपल्याच बँकेत 20,000 ची एफडी कर आणि तिच्यावर कार्ड माग. समज, मर्यादा 18,000 मिळाली. महिन्याला पेट्रोल आणि मोबाईलचं बिल, चार-पाच हजारांच्या आत, एवढंच त्यावर टाक. मर्यादेच्या काठापर्यंत वापरलं तर वेळेवर भरूनही स्कोअर दबतो.

"आणि मोबाईल घेतला तर? 14,000 चा?" आलाच मुद्द्यावर.

समज, 10 जूनला घेतलास. 5 जुलैला बिल, 25 जुलैपर्यंत मुदत. बिलावर लिहिलेलं असतं, कमीत कमी 700 भरा. तू 700 भरलेस. दंड नाही, थकबाकीची नोंद नाही, सगळं छान वाटतं. पण पूर्ण भरलं नाहीस की बिनव्याजी मुदत गेली आणि व्याज थेट 10 जूनपासून लागतं. महिना साडेतीन टक्क्यांनी 5 ऑगस्टपर्यंत सुमारे 890 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी. नवं बिल 14,350 च्या आसपास. म्हणजे 700 भरून देणं साडेतीनशेने वाढलं! आणि आता नव्या पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

भाचा गप्प. मग म्हणाला, "त्यापेक्षा बाबांकडून घेतो की."

इथल्या लोकांना कार्डाचं सगळं कळतं असं समजू नका. माझ्याच ऑफिसातला एक जण वर्षानुवर्षं नुसतं कमीत कमीच भरतोय. आपली किराणा दुकानाची वही बरी, ती निदान व्याज लावत नाही.

एफडी झाली. बिल खात्यातून आपोआप जावं अशी सोय करून ठेव, म्हणजे तारीख चुकणार नाही, असंही सांगितलं होतं. काल त्याने स्क्रीनशॉट पाठवला. टिक Minimum Amount Due वर होती. लगेच फोन लावला, तेव्हा बेळगावात रात्रीचे बारा वाजले होते.