कॅपिटल नसलेल्या लिपीतला करार

बुधवार, रात्री

एका गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकास कराराचा मराठी अनुवाद हातात आहे. मूळ करार इंग्रजीत, बिल्डरच्या वकिलांनी केलेला. त्यात एक कलम स्पष्टच सांगतं की दोन प्रतींत तफावत आढळली तर इंग्रजी प्रत ग्राह्य. पण सर्वसाधारण सभेत हात वर करण्याआधी बहुतेक सभासद मराठी प्रतच वाचणार आहेत. भाडं किती, कधीपर्यंत, कोणाला, हे त्यांना त्या कागदावरून कळलं पाहिजे.

आजचा दिवस एकाच कलमात गेला. इंग्रजी करारात व्याख्या दिलेला शब्द पुढे सगळीकडे कॅपिटल अक्षराने लिहितात. मोठ्या एमचा ‘मेंबर’ म्हणजे परिशिष्टात ज्यांची नावं आहेत तेच. छोट्या एमचा ‘मेंबर’ म्हणजे संस्थेचा कोणताही सभासद, कुटुंबातली व्यक्ती, समितीवरचा माणूस, संदर्भाने ठरेल तो. मोठ्या आरचं ‘रेंट’ म्हणजे घर रिकामं केल्यावर बिल्डर दरमहा देणार ती ठरलेली रक्कम. छोट्या आरचं रेंट म्हणजे जगातलं कुठलंही भाडं. देवनागरीत अक्षर लहान-मोठं होत नाही, त्यामुळे सरळ मराठी केलं की कलम असं उतरतं:

“विकासक प्रत्येक सभासदास इमारत पूर्ण होईपर्यंत दरमहा भाडे देईल. सभासद प्रत्यक्षात किती भाडे देतो यावर भाड्याची रक्कम अवलंबून राहणार नाही. इमारत पूर्ण झाल्यावर संस्था विक्रीच्या सदनिकांच्या खरेदीदारांना सभासद करून घेईल.”

व्याकरणात काही खोट नाही. पण दुसऱ्या वाक्यात ‘भाडे’ दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा वेगळं आहे. ‘सभासद’ पहिल्या वाक्यात जुने रहिवासी, तिसऱ्यात नव्याने येणारे खरेदीदार. एखाद्या खरेदीदाराने उद्या हा कागद पुढे करून म्हटलं की मीही सभासदच, मग सभासदांना मिळणारा कॉर्पस फंडाचा हिस्सा मला का नाही, तर मराठी प्रतीत त्याला उत्तर सापडत नाही. शेवटी इंग्रजी प्रत उघडावी लागेल, आणि मग मराठी प्रत केली कशाला?

संध्याकाळी सेक्रेटरींना हा उतारा फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, “ताई, ठळक टाइप करून टाका ना, म्हणजे कळेल.” सुचणारा पहिला उपाय तोच असतो. पण ठळकपणा हा अक्षराचा गुण नाही, छपाईचा आहे. हाच मजकूर कोणीतरी कॉपी करून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणार, कोणी जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलणार, कोणी झेरॉक्सची झेरॉक्स काढणार. दोन हात फिरले की ठळक शब्द साध्यात विरतो. इंग्रजी कॅपिटल या सगळ्या प्रवासात टिकतं, कारण ते अक्षरच वेगळं आहे.

अवतरणचिन्हं टिकतात, हे खरं. पण प्रत्येक पानावर ‘सभासद’, ‘भाडे’, ‘इमारत’, ‘संस्था’ असं दहा-दहा ठिकाणी टोचत राहिलं की वाचणारा त्या खुणांकडे बघणं सोडून देतो. शिवाय मराठी शब्द विभक्ती लागली की आपलं रूप बदलतो. भाडे, पण भाड्याचा. रक्कम, पण रकमेतून. जागा, पण जागेवर. मग खूण कुठे करायची? ‘भाडे’च्या लिहिलं तर मराठी राहत नाही. ‘भाड्या’च्या लिहिलं तर अवतरणात आलेला शब्द व्याख्येत कुठेच नाही. तिसरी तऱ्हा ‘भाड्याच्या’ अशी सगळी विभक्तीच आत घेण्याची. त्यातल्या त्यात ती बरी, पण त्यात व्याख्येचा शब्द कुठे संपतो ते दिसत नाही.

यामुळे तपासणीतही अडचण येते. संगणकावर ‘भाडे’ शोधलं तर ‘भाड्याची’ सापडत नाही, उलट भाडेकरू आणि भाडेपट्टा मात्र हजर होतात. म्हणून मी ‘भाड’ एवढंच टाकून शोधते आणि एकेक जागा डोळ्यांनी पाहते.

शुक्रवार

काल दिवसभर दुसरं काम होतं, पण डोक्यात हेच घोळत होतं. आपल्याकडचे जुने दस्त कॅपिटलविना कसे चालले? माझ्याकडे जुन्या खरेदीखतांच्या काही प्रती आहेत, त्या काढून बसले. त्यांत पक्षकारांना ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ म्हटलेलं असतं. ही योजना फार हुशारीची आहे. रोजच्या बोलण्यात कोणी कोणाला ‘लिहून देणार’ म्हणत नाही, त्यामुळे दस्तात हा शब्द आला की तो त्याच माणसाबद्दल आहे, शंकेला जागाच नाही. वेगळी खूण लागत नाही, कारण शब्दच वेगळा आहे.

दुसरं साधन ‘सदर’ किंवा ‘सदरहू’. सदर मिळकत म्हणजे वर वर्णन केलेली, तीच. एकाच मिळकतीच्या दस्तात हे छान चालतं. पुनर्विकासात मात्र प्रत्येकाच्या दोन सदनिका असतात, पाडली जाणारी आणि मिळणारी. ‘सदर सदनिका’ म्हटलं की वाचणारा नुकत्याच उल्लेख झालेल्या सदनिकेकडे वळतो, आणि मध्ये दोन परिच्छेद गेले असतील तर ती नेमकी चुकीची असू शकते. म्हणून या करारात ‘सदर’ मी जवळजवळ वापरतच नाहीये. ‘जुनी सदनिका’ आणि ‘नवीन सदनिका’ एवढं पुरतं.

कायदेही पाहिले. २०१६ च्या रेरा कायद्यात इंग्रजीतसुद्धा ‘प्रमोटर’ किंवा ‘अलॉटी’ कॅपिटलने लिहिलेले नाहीत. व्याख्येच्या कलमात शब्द अवतरणात येतो आणि पुढे साधाच चालतो. मराठी अधिनियमांतही तसंच, ‘संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर’ असं आधी म्हणून. म्हणजे कॅपिटल ही करारांची सवय आहे, कायद्याची गरज नाही. पण कायद्याचा मसुदा करणाऱ्याला शब्द निवडण्याची मोकळीक असते. माझ्यापुढे दुसऱ्याने निवडलेले शब्द आहेत, आणि एकाच शब्दाचे दोन अर्थ त्याने निव्वळ कॅपिटलच्या भरवशावर शेजारी शेजारी बसवलेत.

तेव्हा ठरवलं, जिथे इंग्रजीत एकच शब्द मोठ्या आणि छोट्या अक्षराने अशा दोन्ही तऱ्हांनी येतो, तिथे मराठीत दोन वेगळे शब्द. जिथे तो फक्त मोठ्या अक्षरानेच येतो, तिथे काहीच करायचं नाही, व्याख्येत एकदा अवतरण दिलं की झालं. ‘विकासक’ करारात एकच आहे, त्याला खुणेची गरज नाही.

हे शोधायची रीत सोपी आहे. इंग्रजी फाइलमध्ये ‘मॅच केस’वर टिचकी मारून व्याख्येतला प्रत्येक शब्द छोट्या अक्षराने शोधायचा. जो सापडेल, तो अडचणीचा. या करारात तसे तीन निघाले.

पहिला मेंबर. कुटुंबातल्या आणि समितीवरच्या माणसाला मराठीत ‘सदस्य’ म्हणता येतं, सोसायटीच्या कारभारात लोक तो फरक आपसूक करतात, म्हणून तेवढा भाग सुटला. उरला जुना सभासद आणि नवा सभासद. ‘मूळ सभासद’ लिहिलं तर संस्था नोंदवताना असलेले, असा अर्थ निघतो. ‘विद्यमान’ म्हटलं तर कोणत्या दिवशी विद्यमान? पाच वर्षांनी वाचणाऱ्याला तो त्या दिवशीचा वाटेल. ‘हक्कदार’ लिहिणं म्हणजे कोणाचा हक्क आहे हे मीच ठरवल्यासारखं. शेवटी ‘यादीतील सभासद’ घेतलं. व्याख्या परिशिष्टाच्या यादीवरच उभी आहे, त्यामुळे शब्द काही नवीन सांगत नाही, आणि जिन्यात उभं राहून वाचणाऱ्यालाही तो समजतो.

दुसरा रेंट, तो ‘विस्थापन भाडे’. सुटं ‘भाडे’ आता फक्त साध्या अर्थाने येईल.

तिसऱ्याने जास्त त्रास दिला. इंग्रजीत ‘कम्प्लीशन’ची व्याख्या आहे: नियोजन प्राधिकरणाकडून नव्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र मिळणं. मराठीचा स्वभाव नामाचं क्रियापद करण्याचा, त्यामुळे ‘इमारत पूर्ण झाल्यावर’ असं हात आपोआप लिहून जातो. त्या क्षणी व्याख्येचा शब्द वाक्यात विरघळतो. रंग लागला, लिफ्ट सुरू झाली की इमारत पूर्ण झाली असं कोणीही म्हणेल, आणि भाडं तिथेच थांबवायला बिल्डरला वाट मिळेल. प्रमाणपत्र त्यानंतर कित्येक महिन्यांनी येऊ शकतं. म्हणून इथे नाम मोडू द्यायचं नाही. ‘प्रकल्पपूर्ती’ घेतलं. छोट्या सीचं ‘कम्प्लीशन’ जोत्याच्या कामासाठी येतं. त्याला कोणी प्रकल्पपूर्ती म्हणणार नाही, तिथे ‘जोत्याचे काम पूर्ण झाल्यावर’ हेच राहील.

कलम आता असं झालंय:

“विकासक यादीतील सभासदांपैकी प्रत्येकास प्रकल्पपूर्ती होईपर्यंत दरमहा विस्थापन भाडे देईल. यादीतील सभासद पर्यायी घरासाठी प्रत्यक्षात किती भाडे भरतो, यावर विस्थापन भाड्याची रक्कम अवलंबून राहणार नाही. प्रकल्पपूर्ती झाल्यावर संस्था विक्रीच्या सदनिकांच्या खरेदीदारांना सभासद म्हणून दाखल करून घेईल.”

‘यादीतील प्रत्येक सभासदास’ कानाला जास्त गोड लागतं, पण त्यात ‘प्रत्येक’ मध्ये घुसतो आणि व्याख्येतला शब्द दुभंगतो. दोन शब्दांच्या संज्ञेचा हा धोका पुढेही राहणार, म्हणून टाइप करणाऱ्या मुलीला तेवढं वेगळं सांगून ठेवलंय. आणखी एक मोह टाळायचाय, तोचतोचपणा नको म्हणून ‘विस्थापन भत्ता’ असं बदलून लिहिण्याचा. शाळेत निबंधाला त्याचे गुण मिळत, करारात मात्र शब्द बदलला की वाचणारा दुसरी रक्कम शोधू लागतो.

शेवटच्या पानावर एक तक्ता देणार आहे: मराठी संज्ञा, तिचा इंग्रजी शब्द, व्याख्येचं कलम. सभेत कोणी इंग्रजी प्रत घेऊन उभं राहिलं तर दोन्ही कागद जुळवता आले पाहिजेत.

एक गाठ अजून सुटायची आहे. इंग्रजीत वाक्याचा पहिला शब्द तसाही कॅपिटलनेच सुरू होतो. करारात तीन वाक्यं ‘मेंबर्स’ने सुरू होतात, आणि तिथे इंग्रजीवरूनही कळत नाही की यादीतले की सगळे. त्यांतलं एक पार्किंगच्या वाटपाचं आहे, म्हणजे नेमकं जिथे जुने आणि नवे समोरासमोर येतील ते. हे मी माझ्या मनाने ठरवणार नाही. तिन्ही वाक्यं कलम क्रमांकासह संस्थेच्या वकीलसाहेबांना पाठवली आहेत, आणि उत्तर येईपर्यंत मराठी प्रतीत त्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत.